बागेतील फोटोवरून सापसुरळी, घोयरा व सरडा कसा ओळखावा

गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस चाकणजवळच्या एका बागायतदारांनी मोबाईलवर काढलेले चार फोटो आमच्याकडे दाखविण्यास आणले. त्यांच्या गावच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीतर्फे लोक जैवविविधता नोंदवही भरण्याचे काम चालू होते. २००२ च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे अशी नोंदवही गावोगाव केली जाते. आपल्या शेतात व बागेत दिसणाऱ्या प्राण्यांची नावे त्यांनी फोटोसह लिहून काढली होती. पहिल्या फोटोखाली लिहिले होते ‘शॅमेलिऑन’, दुसऱ्याखाली ‘सापाची मावशी, विषारी’, तिसऱ्याखाली ‘हिरवा सरडा’ आणि चौथ्याखाली नुसते प्रश्नचिन्ह.

फोटो चांगले होते, नावे मात्र चुकली होती. पहिला प्राणी शॅमेलिऑन नव्हता. ज्याला साधा हिरवा सरडा म्हणून सोडून दिले होते तोच खरा शॅमेलिऑन, म्हणजे आपला घोयरा होता. काही भागांत त्याला सरडगुहिरा असेही म्हणतात. दुसरी विषारी नव्हती, पण विषारी समजून ती फोटो काढल्यानंतर मारली गेली होती. चौथ्या फोटोचा विचार शेवटी करू, कारण हात घालण्याच्या दृष्टीने सर्वात जपण्याचा फोटो तोच आहे.

पिंपरी-चिंचवडलगतच्या मोशी, चिखली, चऱ्होली या बाजूला आणि पुढे चाकण पट्ट्यात कारखान्यांच्या भिंती, बांधावरची बाभूळ, शोभेच्या झाडांची कुंपणे, गुलाबाची हरितगृहे आणि कांद्याची शेते एकमेकांना लागून आहेत. त्यामुळे हे तिन्ही प्राणी थोड्याशा अंतरात दिसू शकतात. ते ओळखण्यासाठी रंगाकडे न पाहता तीन गोष्टी क्रमाने पहाव्यात. खवल्यांची चकाकी, मग पाय व बोटे, आणि नंतर डोळे.

रंगावर का जाऊ नये

पहिल्या फोटोत कंपाउंडच्या सिमेंटच्या भिंतीवर सकाळच्या उन्हात एक प्राणी पुढचे पाय ताठ करून बसलेला होता. डोके व गळा तांबडा लाल, गालावर व गळ्याच्या बाजूला काळा डाग, बाकीचे अंग फिकट पिवळसर. “काल हाच प्राणी तपकिरी होता, आज लाल झाला. रंग बदलतो म्हणजे शॅमेलिऑनच ना?” असा त्यांचा प्रश्न होता.

रंग बदलणारा तो शॅमेलिऑन, ही समजूत शिकलेल्या लोकांतही पक्की बसलेली आहे. वास्तविक मराठीत ‘सरड्यासारखा रंग बदलतो’ असे आपण म्हणतो ते याच साध्या बागेतल्या सरड्याला उद्देशून, आणि ते खरेच आहे. या सरड्याचे शास्त्रीय नाव कॅलोटस व्हर्सिकलर. त्यातील दुसऱ्या शब्दाचा अर्थच रंग बदलणारा असा आहे. विणीच्या हंगामात, म्हणजे आपल्याकडे उन्हाळ्याच्या मध्यापासून पावसाळ्यापर्यंत, नराचे डोके व गळा लालभडक होतो. भिंतीवर किंवा कुंपणाच्या शेंड्यावर बसून तो पुढच्या पायांवर अंग खालीवर करतो. दुसऱ्या नराला दिलेली ती ताकीद असते. हरला किंवा घाबरला की काही क्षणांत तोच नर मळकट तपकिरी दिसतो. या लाल गळ्यावरून इंग्रजीत त्याला रक्त शोषणारा असे भलतेच नाव पडले आणि आपल्याकडेही पोरे त्याच्यावर दगड मारतात. तो रक्त पीत नाही. मुंग्या, टोळ, भुंगे, अळ्या आणि कधी लहान पाल असे त्याचे खाणे असते.

उन्हाचाही रंगाशी संबंध आहे. सकाळी थंड पडलेला सरडा गडद रंगाचा होतो व अंग चपटे करून सूर्याकडे पसरतो, म्हणजे ऊन लवकर शोषले जाते. अंग तापल्यावर तो फिकट होतो. त्यामुळे एकाच सरड्याचे सात वाजता व दहा वाजता काढलेले दोन फोटो दोन निरनिराळ्या प्राण्यांचे वाटू शकतात. मादी बहुधा तपकिरी असते व तिच्या पाठीच्या दोन्ही कडांना फिकट पट्टे असतात. या पट्ट्यांमुळे लहान मादीला सापसुरळी समजण्याची चूकही होते. घोयरा हिरवा असतो हे ढोबळमानाने बरोबर असले, तरी तोही पिवळट, करडा, काळे ठिपके असलेला असा दिसतो. तेव्हा रंगाची नोंद अवश्य करावी, पण नाव त्यावरून ठरवू नये.

चकाकी : उजेड खवल्यावर कसा पडतो

चकाकी म्हणजे नुसता चमकदारपणा नव्हे. फोटोत उजेडाची पांढरी रेघ कशी पडली आहे ते पहावयाचे असते.

सापसुरळीचे खवले गोलसर कडेचे, एकमेकांवर अर्धे चढलेले, मंगलोरी कौलांसारखे किंवा रोहू माशाच्या खवल्यांसारखे असतात. खवल्याखाली हाडाच्या बारीक चकत्या असल्याने अंग घट्ट व गुळगुळीत लागते. त्यामुळे उन्हात किंवा मोबाईलच्या फ्लॅशमध्ये पाठीवरून उजेडाची एक सलग रेघ मानेपासून शेपटीकडे गेलेली दिसते. अंगाला तेल लावल्यासारखा कांस्याचा रंग, असे तिचे वर्णन करता येईल. आपल्याकडे नेहमी दिसणाऱ्या मोठ्या सापसुरळीच्या, म्हणजे युट्रॉपिस कॅरिनाटाच्या, पाठीच्या प्रत्येक खवल्यावर तीन किंवा अधिक बारीक उभ्या रेषा असतात. तरीही त्या इतक्या बारीक असतात की चकाकी मोडत नाही.

सरड्याच्या खवल्याच्या मधोमध नांगराच्या फाळासारखा एकच कंगोरा असतो व टोक मागे आणि वर वळलेले असते. त्यामुळे उजेड सलग रेघेत पडत नाही, कंगोऱ्याच्या टोकाटोकावर तुटतो. फोटो मोठा करून पाहिला तर पाठ कानशीसारखी खरबरीत दिसते. मानेपासून पाठीवर काट्यांची एक ओळ असते. ती बाजूने काढलेल्या फोटोत स्पष्ट दिसते, वरून काढलेल्या फोटोत हरवते.

घोयऱ्याचे खवले एकमेकांवर चढलेले नसतात. खसखस किंवा बाजरीचे दाणे दाबून बसवावेत तसे ते शेजारी शेजारी असतात. त्यावर चकाकी जवळजवळ नाहीच, रंग मऊ व मंद दिसतो. पाठीची कड करवतीच्या बारीक दात्यांसारखी असते आणि डोक्यावर मागच्या बाजूस टोपरे घातल्यासारखा उंचवटा असतो.

आता या खुणेच्या मर्यादा. पावसात भिजलेला किंवा फवारणीनंतर ओला झालेला सरडा चांगलाच चकाकतो. उलटपक्षी कात टाकण्याच्या सुमारास सापसुरळी दुधट व निस्तेज दिसते. आपल्या पट्ट्यात रस्त्याच्या व बांधकामाच्या धुळीने माखलेली सापसुरळीही बऱ्याचदा मंद दिसते. ढगाळ दिवशी तिघांचीही चकाकी सारखीच मरते. म्हणून चकाकीवरून पहिला अंदाज बांधावा व तो पायांवरून तपासून घ्यावा. माझ्या मते तिन्ही खुणांत पाय सर्वात भरवशाचे. ते ओले झाले काय, धुळीत माखले काय, बोटांची मांडणी बदलत नाही.

पाय : सर्वात पक्की खूण

घोयऱ्याचा पंजा एकदा नीट पाहिला की पुन्हा चूक होत नाही. त्याची बोटे सुटी नसतात. ती दोन जुडग्यांत एकत्र बांधल्यासारखी असतात आणि दोन्ही जुडगी समोरासमोर येऊन फांदीला सांडशीसारखी पकडतात. पुढच्या पायात आतल्या बाजूस तीन व बाहेरच्या बाजूस दोन बोटे, तर मागच्या पायात उलट, आत दोन व बाहेर तीन. ही पकड बारीक फांदीसाठी उत्तम आहे, पण सपाट भिंतीवर किंवा जमिनीवर ती कामाची नाही. म्हणून जमिनीवरचा घोयरा झुलत झुलत, पाऊल टाकू की नको अशा चालीने जातो. मादी मात्र अंडी घालण्यासाठी जमिनीवर उतरते व खड्डा उकरून त्यात अंडी पुरते. पावसाळा संपल्यावरच्या दिवसांत बांधावर किंवा रस्त्यावर हळूहळू चालणारा घोयरा दिसला, तर हे कारण असू शकते.

सरड्याचे पाय सडपातळ व लांब, गुडघा-कोपर बाहेर काढून उभे राहणारे. मागच्या पायाची बोटे विशेष लांब, सगळी सुटी, प्रत्येकाला नखी. भिंत, खांब, कुंपण यांवर तो झपाट्याने चढतो. सरड्याची धाव कुंपणापर्यंत ही म्हण ज्याने केली त्याने हाच प्राणी पाहिला असला पाहिजे.

सापसुरळीचे पाय अंगाच्या मानाने आखूड असतात. पुढचा पाय व मागचा पाय यांच्यात धड लांब दिसते आणि पोट जमिनीला टेकलेले असते. मान वेगळी दिसत नाही. डोके, मान व धड एकाच जाडीत पुढे जाते. पळताना पाय अंगाला चिकटवून ती नागमोडी सरकते, म्हणून सापाचा भास होतो व सापाची मावशी हे नाव पडते. बारीक जातींत पाय इतके लहान असतात की घाईत काढलेल्या फोटोत ते दिसतच नाहीत.

शेपटीचा येथेच विचार करणे सोयीचे. सरड्याची शेपटी अंगाच्या दुप्पट किंवा त्याहून लांब, चाबकासारखी निमुळती. घोयऱ्याची साधारण अंगाइतकीच, आणि आत गुंडाळता येणारी. पाचव्या हातासारखा तिचा उपयोग तो फांदी धरण्यासाठी करतो. सापसुरळीची शेपटी बुडाशी जाड व गुळगुळीत असते, संकटात ती तुटून पडते व पुन्हा येते. नव्याने आलेला भाग रंगाने वेगळा, पट्टे नसलेला दिसतो. अर्धी शेपटी एका रंगाची व पुढची दुसऱ्या रंगाची असा फोटो असेल तर तो सरड्याचा किंवा घोयऱ्याचा असण्याचा संभव फार कमी. सरड्याची शेपटी कावळ्याने किंवा मांजराने तोडली तर तशी परत वाढत नाही, थोटीच राहते.

माळावर, विशेषतः बांधकामासाठी मोकळ्या ठेवलेल्या दगडाळ भूखंडांवर, आणखी एक लहान सरडा दिसतो. त्याच्या नराच्या गळ्याखाली पंख्यासारखी उघडणारी पिशवी असते. त्याच्या मागच्या पायाला पाचऐवजी चारच बोटे असतात, पण हे बोट मोजण्याइतका फोटो क्वचितच मिळतो. या गटातील काही जातींना शास्त्रज्ञांनी २०१६ साली वेगळ्या प्रजातीत घातले आणि त्या प्रजातीला आपल्या मराठीवरून ‘सरडा’ हेच नाव दिले. त्यांतील एक देखणी जात सातारा जिल्ह्यातील चाळकेवाडीच्या पठारावरची आहे. सरडा, घोयरा की सापसुरळी एवढाच प्रश्न असेल, तर पंखेवाला सरडाही सरड्यांतच धरावा.

डोळे

डोळ्यांसाठी फोटो जवळून व डोक्याच्या बाजूने हवा. घोयऱ्याचा डोळा म्हणजे चामड्याचा एक शंकू. वरची व खालची पापणी एकमेकींना जुळलेली असून त्यावर बारीक खवले असतात आणि टोकाला बुबुळापुरते एक छिद्र. दोन्ही डोळे वेगवेगळ्या दिशांना फिरतात. एकच फोटो असला तरी, एक डोळा पुढे व दुसरा मागे पाहत आहे असे दिसल्यास दुसरी खूण शोधण्याची गरज नाही. भक्ष्य दिसले की दोन्ही डोळे पुढे एकत्र येतात व अंगाहून लांब जीभ बाहेर पडते. त्याच्या डोक्यावर बाहेरून कानाचे छिद्र दिसत नाही.

सरड्याचा डोळा डोक्यात बसलेला, वेगळ्या पापण्यांचा व गोल बाहुलीचा असतो. त्यामागे कानाचा गोल पडदा स्पष्ट दिसतो आणि त्याच्या वर दोन छोटे सुटे काटे असतात. सापसुरळीचा डोळा लहान, डोक्याच्या बाजूला सपाट बसलेला, उघडमीट करणारा. तिच्या कानाचे छिद्र लहान, पण असते. घरातील पालीला मात्र उघडमीट करणारी पापणी नसते व तिची बाहुली उजेडात उभ्या फटीसारखी होते, म्हणून बागेतील फोटोत पाल आली असल्यास ती येथेच वेगळी काढता येते.

त्या फोटोंचा उलगडा

आता चाकणच्या त्या फोटोंकडे परत येऊ. पहिला फोटो भिंतीवरच्या लाल डोक्याच्या प्राण्याचा. पाठीवर सलग चकाकी नाही, मानेपासून काट्यांची ओळ आहे. सिमेंटवर पसरलेली बोटे सुटी व लांब आहेत, त्यातील एक मागचे बोट तर भिंतीच्या कडेवरून खाली आले आहे. डोळ्यामागे कानाचा पडदा दिसतो. शेपटी भिंतीवरून खाली लोंबते आहे व अंगाच्या दुपटीहून अधिक आहे. हा विणीच्या रंगातील नर सरडा. नोंदवहीतील ‘शॅमेलिऑन’ खोडून ‘बागेतील सरडा, नर’ असे लिहावयास सांगितले.

दुसऱ्या फोटोत मिरचीच्या ओळीतील ठिबकच्या लॅटरलला लागून एक तपकिरी प्राणी आडवा पडला होता. पाठीवरून उजेडाची रेघ शेपटीपर्यंत गेलेली, बाजूला फिकट पट्टा, आखूड पाय, मान नाही. येथे लॅटरलचा मापासाठी छान उपयोग झाला. नळी १६ मि.मी. ची होती व दोन ड्रिपरमधील अंतर ४० सें.मी. प्राणी नळीला समांतर असल्यामुळे नाकापासून शेपटीच्या टोकापर्यंतची लांबी त्या अंतराच्या निम्म्याहून थोडी जास्त, म्हणजे २० ते २३ सें.मी. भरली आणि अंग नळीपेक्षा थोडे जाड दिसले. मोठ्या सापसुरळीशी हे जुळते. मात्र असे माप प्राणी व नळी एकाच पातळीवर असतील तरच घ्यावे. कॅमेऱ्याच्या जवळ असलेला प्राणी मागच्या नळीच्या मानाने मोठाच दिसणार.

मजुराने तिला मारले होते. मल्चिंगचा कागद उचलताना ती एकदम पायाजवळून गेली, एवढाच तिचा अपराध. भारतात आढळणारी कोणतीही सापसुरळी, सरडा किंवा पाल माणसाला विषबाधा करणारी नाही. सापसुरळी हातात दाबली गेली तर चावते, तो चावा टोचतो, पण त्यात विष नसते. कागदाखाली, पालापाचोळ्यात व कंपोस्टच्या कडेने ती किडे, नाकतोडे व त्यांची पिल्ले वेचते. तिच्यामुळे फवारणी वाचेल असा दावा मी करणार नाही, तसा हिशेब माझ्याकडे नाही. पण मारण्याचे कारणही नाही.

तिसरा फोटो बांधावरच्या शेवग्याच्या फांदीचा. हिरव्या अंगावर पिवळसर आडवे पट्टे, अंग दोन्ही बाजूंनी दाबल्यासारखे चपटे, पानासारखे उभे. डोळ्याचा शंकू पाहण्याइतका फोटो स्पष्ट नव्हता, पण मागचा पंजा फांदीभोवती सांडशीसारखा बसला होता व शेपटीचे टोक गुंडाळलेले होते. हा घोयरा. शास्त्रीय नाव कॅमेलिओ झेलॅनिकस. भारतात शॅमेलिऑनची हीच एक जात आढळते, म्हणून पंजा दिसला की जातीचे नावही निश्चित लिहिता येते. सरड्याच्या व सापसुरळीच्या बाबतीत ही सोय नाही. नोंदवहीत या फोटोची तारीख, झाड, जमिनीपासूनची उंची व गट क्रमांक लिहिण्यास आम्ही सुचविले, कारण चार नोंदींपैकी सर्वात मोलाची नोंद हीच होती आणि ती ‘हिरवा सरडा’ या नावाखाली कायमची बुडाली असती. घोयरा वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ खाली संरक्षित आहे. त्याला पकडून घरी आणणे किंवा विकणे गुन्हा आहे. मुलांना दाखविण्यासाठीही फांदी तोडून आणू नये.

चौथ्या फोटोत विटांच्या ढिगातून बाहेर आलेला फक्त अंगाचा मधला भाग होता. पाय नाहीत, डोके नाही. गडद, गुळगुळीत व चांगली चकाकी. चकाकीवरून सापसुरळी म्हणण्याचा मोह होतो, पण येथे थांबले पाहिजे. गुळगुळीत चकाकी मण्यारीलाही असते, आणि मण्यार विटांच्या ढिगात बसते. दोघींत फरक करणारी खूण पोटाकडे असते. सापाच्या पोटावर आडव्या रुंद पट्ट्या असतात, सापसुरळीच्या पोटावर पाठीसारखेच लहान खवले. पण पोट फोटोत नव्हते. तेव्हा त्या फोटोला नाव दिले नाही, ‘ओळख पटली नाही’ असेच लिहिले, आणि विटा हाताने न उचलता काठीने व हातमोजे घालून हलवाव्यात असे सांगितले. अर्धवट फोटोवरून ‘ही सापसुरळीच’ असे ठरवून हात घालण्यापेक्षा नोंदवहीत एक रकाना रिकामा राहिलेला बरा.

फोटो काढताना

उपयोगाचा फोटो मिळविण्यासाठी महागडा कॅमेरा लागत नाही. सकाळी आठ ते दहाच्या दरम्यान, ऊन बाजूने येत असताना, प्राण्याच्या पातळीवर बसून फोटो काढावा. उभे राहून वरून काढलेल्या फोटोत पाय अंगाखाली जातात व काट्यांची ओळ दिसत नाही. मोबाईलमधील झूम फार वाढविल्यास खवल्यांचा तपशील पुसला जातो व सगळेच गुळगुळीत दिसते. पुष्कळ सरडे असेच ‘सापसुरळी’ झालेले आहेत. त्याऐवजी दोन पावलांवरून पूर्ण प्राण्याचा एक, मग सावकाश पुढे सरकत पंज्याचा एक व डोक्याच्या बाजूचा एक असे तीन फोटो घ्यावेत. सरडा भिंतीवरून पलीकडच्या बाजूला सरकतो, थोडे थांबल्यास पुन्हा डोके वर काढतो. सापसुरळी एकदा आत गेली की त्याच फटीतून थोड्या वेळाने उन्हाला बाहेर येते, तेव्हा पाठलाग न करता तेथेच बसून राहावे. घोयरा पळत नाही, पण फांदीच्या मागे वळून स्वतःला लपवितो. फांदी न हलविता आपणच फेरी घालावी.

एकच फोटो मिळाला व तो पाठमोरा असेल, तर बहुतेक वेळा मागचा पाय दिसतो. तेवढा पुरतो. बोटे सुटी व लांब असतील तर सरडा, सांडशीसारखी असतील तर घोयरा, आणि पाय आखूड असून धडालगत दुमडलेला असेल तर सापसुरळी. सापसुरळीची नेमकी जात ठरविण्यासाठी मात्र पाठीच्या खवल्यांवरील रेषा व खवल्यांच्या ओळी मोजाव्या लागतात, ते फोटोवरून जमेलच असे नाही. बागेतल्या सरड्याच्या जातींबद्दलही २०२० नंतर शास्त्रज्ञांनी पुन्हा विचार केला असून, पूर्वी एकच समजली जाणारी जात आता अनेक जातींत विभागली आहे. म्हणून नोंदवहीत ‘बागेतील सरडा’ व ‘सापसुरळी’ एवढेच लिहून फोटो जपून ठेवावेत. पुढे जाणकाराला दाखविताना मूळ फोटोच लागतो. मोबाईलवरून पाठविताना लहान झालेल्या प्रतीत खवले दिसत नाहीत.